वर्षफल आणि शनी रिटर्न: ‘हे एक वर्ष कसं जाईल?’ या प्रश्नाभोवतीचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात ज्योतिषाचे वर्ग घेताना आणि कुंडल्या बघताना जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक अठ्ठावीस ते तीस वर्षांचे असतात, नाहीतर त्यांच्या आया. कुणाला संपूर्ण आयुष्याचं भविष्य नको असतं. नोकरी सोडायची आहे, फ्लॅटचं बुकिंग करायचं आहे, स्थळं बघायची आहेत, म्हणून नेमकं हे एक वर्ष हवं असतं.

सगळी उत्तरं एकाच नमुना कुंडलीवर बेतली आहेत: जन्म पुणे, ७ एप्रिल १९९६, सकाळी ११:२०. ही कुंडली कुणा एका माणसाची नाही. तिच्यात शनी सोयीच्या जागी आहे, म्हणून मी ती निवडली. वेगळं सांगितलं नसेल तिथे चित्रापक्ष, म्हणजे लाहिरी अयनांश धरला आहे. अयनांश म्हणजे वसंतसंपात आणि नक्षत्रांच्या राशिचक्राचा आरंभबिंदू यांतलं अंतर.

१. वर्षकुंडली म्हणजे नेमकं काय? आणि शनी रिटर्न तिच्याहून वेगळं कसं?

जन्माच्या क्षणी रवी ज्या अंश-कलेवर होता, त्याच अंश-कलेवर तो दर वर्षी एकदा येतो. त्या क्षणाला वर्षप्रवेश म्हणतात आणि त्या क्षणाची कुंडली म्हणजे वर्षकुंडली. आपल्याकडे ती ताजिक पद्धतीने वाचतात. मुंथा, इत्थशाल, सहम हे शब्द त्याच पद्धतीतले. ते अरबी-फारसीतून आले असल्यामुळे कानाला जरा परके वाटतात. पाश्चात्त्य ज्योतिषी याच कुंडलीला सोलर रिटर्न म्हणतात.

शनी रिटर्नमागची कल्पना तीच आहे, फक्त ग्रह वेगळा. गोचर शनी जन्मस्थ शनीच्या अंशावर परत येतो. त्याला राशिचक्र पुरं करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षं लागतात. त्यामुळे ही गोष्ट आयुष्यात दोनदा घडते आणि दीर्घायुषी माणसाच्या बाबतीत तीनदा. वर्षकुंडली दर वर्षी नवी असते, शनी रिटर्नचं वर्ष मात्र क्वचित येतं. या पानावर मी ज्या वापराबद्दल लिहितो आहे तो दोन्हींच्या जोडीचा आहे: शनी परततो ते वर्ष शोधायचं आणि त्या वर्षाची वर्षकुंडली बारकाईने वाचायची.

२. वाढदिवसाच्या दिवशी माझ्या जन्मवेळेचीच कुंडली मांडली तर चालणार नाही का?

नाही. रवीला त्याच नक्षत्रबिंदूवर परत यायला ३६५ दिवस, ६ तास आणि साधारण ९ मिनिटं लागतात. म्हणजे वर्षप्रवेशाची वेळ दर वर्षी सहा तासांनी पुढे सरकते आणि लीप वर्ष आलं की एक दिवस मागे येते. आपल्या नमुना कुंडलीचं गणित बघा. ७ एप्रिल १९९६ ते ७ एप्रिल २०२५ या काळात १०,५९२ दिवस होतात. २९ नाक्षत्र वर्षांचे मात्र १०,५९२ दिवस आणि वर सुमारे साडेदहा तास होतात. म्हणून वर्षप्रवेश सकाळी ११:२० ला होत नाही, रात्री पावणेदहाच्या आसपास होतो. लग्न, म्हणजे पूर्व क्षितिजावर उगवणारी रास, साधारण दोन तासांत बदलतं. साडेदहा तासांत काय होईल ते सांगायला नको.

हातगणिताने आलेल्या वेळेत काही मिनिटांचा फरक राहतो, कारण रवीची गती अगदी एकसारखी नसते. शेवटची वेळ चांगल्या सॉफ्टवेअरमधूनच घ्या, पण हा ढोबळ हिशेब स्वतः एकदा करून बघा. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये काही चुकलं असेल तर तो लगेच दाखवून देतो.

३. एका परदेशी साइटवर माझा सोलर रिटर्न सकाळचा दाखवतो आणि मराठी सॉफ्टवेअरमध्ये रात्रीचा. खरा कोणता?

दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. परदेशी साइट सायन पद्धत वापरते, म्हणजे तिथे मोजणी वसंतसंपातापासून होते. संपात दर वर्षी सुमारे ५० विकला मागे सरकतो, त्यामुळे सायन वर्ष नाक्षत्र वर्षापेक्षा २० मिनिटांनी लहान भरतं. ही वीस मिनिटं साठत जातात आणि एकोणतिसाव्या वर्षी त्यांचे जवळपास दहा तास होतात.

नमुना कुंडलीत सायन रिटर्न ७ एप्रिल २०२५ ला दुपारी बाराच्या थोडा आधी येतो आणि सायन लग्न कर्क येतं. मराठी सॉफ्टवेअरमधला निरयन, म्हणजे नक्षत्रांपासून मोजलेला वर्षप्रवेश रात्री होतो आणि लग्न वृश्चिक येतं. या दोन कुंडल्या एकमेकींच्या जवळपासही नाहीत. लहान मुलांच्या बाबतीत हा फरक तास-दोन तासांचाच असतो, म्हणून वाद होत नाही. तिशीत मात्र तो लपत नाही.

माझा नियम साधा आहे. मुंथा, म्हणजे जन्मलग्नापासून दर वर्षी एक रास पुढे सरकणारा बिंदू, आणि वर्षेश, म्हणजे त्या वर्षाचा स्वामी ग्रह, वाचायचे असतील तर निरयन वर्षप्रवेश घ्या. सायन रिटर्न घेणार असाल तर तो सायन पद्धतीनेच वाचा. सायन वेळ घेऊन तिच्यावर निरयन मुंथा चढवणं हा प्रकार बराच दिसतो आणि त्याला कसलाही आधार नाही.

४. शनी रिटर्न नक्की कितव्या वर्षी येतो? कुणी २८ म्हणतं, कुणी ३०.

शनी दर वर्षी सुमारे साडेचार महिने वक्री असतो आणि तेवढ्या काळात सहा-सात अंश मागे जातो. त्यामुळे जन्मस्थ अंशावरून तो एकदाच जाईल किंवा तीनदा जाईल: आधी मार्गी, मग वक्री, मग पुन्हा मार्गी. पहिल्या आणि तिसऱ्या भेटीत आठ-नऊ महिन्यांचं अंतर पडू शकतं. साडेएकोणतीस हा सरासरी आकडा आहे. प्रत्यक्षात तारीख साडेअठ्ठावीस ते तीस या वयात कुठेही पडते.

नमुना कुंडलीत जन्मस्थ शनी मीनेत ६ अंश १२ कलांच्या जवळ आहे. त्या बिंदूवरून शनी साधारण ३० मे २०२५ ला मार्गी गेला, २६ ऑगस्टला वक्री होऊन परत आला आणि १७ फेब्रुवारी २०२६ ला तिसऱ्यांदा गेला. या तिन्ही तारखा लक्षात ठेवा, पुढे लागतील.

५. म्हणजे साडेसातीच ना ही?

नाही. साडेसाती जन्मचंद्राच्या राशीवरून मोजतात आणि ती साडेसात वर्षं चालते. शनी रिटर्न जन्मशनीच्या अंशावरून मोजतात आणि त्याचा काळ महिन्यांत असतो. ज्यांच्या पत्रिकेत चंद्र आणि शनी एकाच किंवा शेजारच्या राशीत आहेत, त्यांच्या वाट्याला दोन्ही एकदम येतात. बाकीच्यांचा या दोन गोष्टींशी वेगवेगळा संबंध येतो. जुन्या मराठी ज्योतिषांकडे शनी रिटर्न असा शब्दच नव्हता. ‘शनी शनीवरून चाललाय’ एवढं म्हणून ते पुढे जायचे.

६. दोन्ही एकत्र कसं वापरायचं, ते एका उदाहरणातून सांगाल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सावकाश सांगतो.

पहिली पायरी म्हणजे शनीच्या भेटी कोणत्या वाढदिवसाच्या वर्षात पडतात ते बघणं. नमुना कुंडलीत ३० मे, २६ ऑगस्ट आणि १७ फेब्रुवारी या तिन्ही तारखा ७ एप्रिल २०२५ ते ७ एप्रिल २०२६ याच वर्षात येतात. २९ पूर्ण, तिसावं चालू. म्हणजे एकच वर्षकुंडली पुरेशी आहे. नेहमी इतकं सरळ जमत नाही (प्रश्न १२ पाहा).

दुसरी पायरी म्हणजे जन्मकुंडलीत शनी कुठे आहे ते बघणं. लग्न मिथुन, अकरा अंशांच्या आसपास. शनी मीनेत, म्हणजे दशमात. रवीही तिथेच, २४ अंशांवर. मिथुन लग्नाला शनी अष्टमेश आणि भाग्येश असतो. म्हणजे शनी रिटर्नचा विषय कामधंदा, वरिष्ठ, समाजातली जागा यांतून येणार. हा विषय जन्मकुंडलीच ठरवते, वर्षकुंडली तो बदलू शकत नाही.

तिसरी पायरी वर्षकुंडलीची. ७ एप्रिल २०२५ च्या रात्री पुण्यात वृश्चिक लग्न, पाचव्या अंशाजवळ. त्या दिवशी मीनेत रवी, बुध, शुक्र, शनी आणि राहू अशी पाच ग्रहांची दाटी होती. ती वर्षलग्नापासून पंचमात येते. गुरू वृषभेत, म्हणजे सप्तमात, आणि तिथून त्याची लग्नावर दृष्टी. चंद्र कर्केत स्वगृही, नवमात. वर्षलग्नाचा स्वामी मंगळही कर्केतच, पण नीच राशीत.

आता जोडणी. जन्मकुंडली म्हणते, विषय दशमाचा आहे. वर्षकुंडली म्हणते, या वर्षी शनी पंचमात बसलाय. पंचम म्हणजे विद्या, परीक्षा, कौशल्य, संतती. मी लिहिताना असं लिहीन: कामाचा प्रश्न या वर्षी शिक्षणाच्या किंवा पात्रतेच्या दारातून येईल. अडलेलं प्रमोशन, त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट, अर्धवट सोडलेली परीक्षा, या रांगेतलं काहीतरी. ‘नोकरी जाईल’ असं मी लिहिणार नाही, कारण वर्षकुंडलीचं दशम सिंह आहे आणि ते रिकामं आहे. लग्नेश नीच आहे, म्हणून स्वतःचा जोर कमी वाटेल. पण तो नवमात आहे आणि शेजारी स्वगृहीचा चंद्र आहे, म्हणून मदत मोठ्यांकडून किंवा शिक्षकांकडून येईल असं वाचीन.

चौथी पायरी तारखांची. पहिल्या भेटीच्या आसपास, मे-जूनमध्ये, प्रश्न पहिल्यांदा समोर येतो. वक्री भेटीत, ऑगस्टच्या अखेरीस, त्याच प्रश्नावर फेरविचार होतो. बरेचदा जून महिन्यात घेतलेला निर्णय इथे डळमळतो. तिसऱ्या भेटीत, फेब्रुवारीत, तो कागदावर येतो. म्हणून जूनमध्ये राजीनामा टाइप करून बसलेल्या माणसाला मी म्हणतो, तो ड्राफ्टमध्येच राहू दे, ऑगस्ट जाऊ दे.

एक गोष्ट सहज विसरली जाते. वर्षकुंडली हा त्या एका क्षणाचा फोटो असतो. फोटोत गुरू वृषभेत आणि राहू मीनेत दिसतो, पण मेच्या मध्यावर गुरू मिथुनेत गेला आणि राहू कुंभेत. म्हणजे शनीची पहिली भेट होण्याआधीच मीनेतली गर्दी पांगली होती. वर्षभर पाच ग्रह तिथेच ठाण मांडून बसलेत असं समजून घाबरवणारी भाकितं त्या वर्षी मी बरीच पाहिली.

७. माझी मुंथा सहाव्या घरात आहे आणि त्यातच शनी रिटर्न. आईला कुणीतरी खूप घाबरवलंय.

मुंथा जन्मलग्नापासून दर वर्षी एक रास पुढे सरकते. २९ वर्षं पूर्ण झाली की बाराच्या दोन फेऱ्या होऊन वर पाच राशी होतात, म्हणून ती जन्मलग्नापासून सहावी येते. हे फक्त तुमच्या बाबतीत नाही. जगात ज्याची २९ पूर्ण झाली आहेत त्या प्रत्येकाची मुंथा जन्मलग्नापासून सहावीच असते. जी गोष्ट सगळ्यांना सारखीच लागू होते, तिच्यावरून तुमचं वेगळं भविष्य कसं निघेल?

ताजिकात मुंथेचं घर मुख्यतः वर्षलग्नापासून मोजतात. चौथं, सहावं, सातवं, आठवं आणि बारावं ही घरं त्रासाची मानतात, तर नववं, दहावं आणि अकरावं चांगली. नमुना कुंडलीत मिथुनेपासून सहावी रास वृश्चिक आणि वर्षलग्नही वृश्चिकच. म्हणजे जन्मलग्नापासून सहावी असलेली मुंथा वर्षलग्नापासून पहिल्या घरात आली, आणि ती जागा वाईट नाही. कमजोर आहे तो तिचा स्वामी, नीचीचा मंगळ. आईला सांगायचं असेल तर एवढं सांगा: दार उघडं आहे, फक्त बिजागऱ्या कुरकुरतायत.

८. सोलर रिटर्नसारखी शनी रिटर्नचीही स्वतंत्र कुंडली मांडतात. तिचं लग्न का वाचायचं नाही?

मांडता येते आणि पाश्चात्त्य ज्योतिषी ती मांडतातही. माझी हरकत फक्त तिचं लग्न वाचण्याला आहे, आणि ती हरकत गणितातून आली आहे.

रवी दिवसाला सुमारे एक अंश चालतो. जन्मरवीत अर्ध्या कलेची चूक असली तर वर्षप्रवेशाची वेळ बारा मिनिटांनी चुकते. तेवढी खपून जाते. शनी मे २०२५ च्या अखेरीस दिवसाला चार-साडेचार कलाच चालत होता. म्हणजे एक कला चालायला त्याला साडेपाच तास लागत होते. जन्मपत्रिकेत शनीचे अंश पूर्ण कलांपर्यंत लिहिलेले असतात, विकला सोडून दिलेल्या असतात. त्या गोलाकार आकड्यातच अर्ध्या कलेची अनिश्चितता आहे आणि तिच्यामुळे रिटर्नची वेळ पावणेतीन तास इकडे किंवा तिकडे सरकते. तेवढ्यात लग्न एक घर सहज ओलांडतं, कधी दोनही. शनी स्तंभी होण्याच्या सुमारास त्याचा वेग आणखी उतरतो आणि चूक दिवसांत मोजावी लागते.

विकलांपर्यंत गणित करणारं सॉफ्टवेअर असेल तरी एका विकलेला पाच मिनिटं लागतातच. शिवाय भेटी तीन असतील तर कुंडल्याही तीन होतात. मग कोणती खरी? ज्याला जी आवडेल ती.

एक कसोटी स्वतः करून बघा. दोन वेगळ्या प्रोग्रॅमना एकच जन्मतपशील द्या आणि शनी रिटर्नची वेळ काढा. तारीख जुळेल. वेळ मिनिटामिनिटाला जुळली नाही तर त्या लग्नावर एक ओळही लिहू नका. म्हणून मी शनी रिटर्नमधून दोनच गोष्टी घेतो, तारखा आणि जन्मकुंडलीतलं घर. लग्न, भाव आणि वर्षेश वर्षकुंडलीतून.

९. जन्मवेळ ‘अकराच्या सुमारास’ एवढीच माहीत आहे. काय करू?

जन्मवेळेत जितकी मिनिटं चूक, साधारण तितकीच मिनिटं वर्षप्रवेशात चूक. नमुना कुंडलीत जन्म अर्धा तास आधी, १०:५० ला धरला तरी जन्मलग्न मिथुनच राहतं आणि वाटतं, काही बिघडलं नाही. वर्षलग्न मात्र वृश्चिकेवरून तुळेवर येतं. शनी पंचमातून षष्ठात जातो आणि मुंथा पहिल्यातून दुसऱ्यात. प्रश्न ६ मधला शिक्षणाचा सगळा धागा तिथेच तुटतो.

शनीच्या तारखा मात्र जागच्या हलत नाहीत, कारण अर्ध्या तासात शनी दहा विकलाही चालत नाही. म्हणून वेळ कच्ची असेल तर तीन तारखा आणि शनीची रास एवढ्यावरच थांबा. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर वेळ मिळते का ते आधी बघा. आजीने सांगितलेली वेळ बरेचदा बातमी घरी पोहोचली तेव्हाची असते.

१०. दाते पंचांग, टिळक पंचांग, कृष्णमूर्ती: कोणता अयनांश घेऊ? प्रत्येकाचा वर्षप्रवेश वेगळा येणार ना?

हे ऐकून लोक चकित होतात, पण वर्षप्रवेशाचा क्षण अयनांशाच्या निवडीवर जवळपास अवलंबून नसतो. टिळक पंचांगाचा अयनांश चित्रापक्षापेक्षा सुमारे चार अंशांनी कमी आहे. त्यामुळे जन्मरवी २४ ऐवजी २८ अंशांवर दिसेल, पण २०२५ चा रवीही तितकाच पुढे दिसेल. दोन्हींतला फरक शून्यच राहतो, म्हणून परतण्याची वेळ तीच. शनीच्या तारखांचंही तसंच. बदलतं ते राशीच्या सीमेवर असलेलं लग्न किंवा ग्रह.

घोटाळा होतो तो सरमिसळ केली की. माझ्याकडून एकदा झालाय. जन्मरवीचे अंश कृष्णमूर्ती अयनांशाच्या जुन्या वहीतून घेतले आणि वर्षप्रवेश लाहिरीवर लावलेल्या प्रोग्रॅममध्ये शोधला. दोन्हींत फरक फक्त सहा कलांचा. पण सहा कला चालायला रवीला जवळपास अडीच तास लागतात. एक रास पुढचं वर्षलग्न घेऊन मी अख्खं वर्ष लिहून दिलं. आता कुणाची पत्रिका हातात आली की आधी अयनांश विचारतो, मग चहा.

११. मुलगा दुबईला असतो. वर्षकुंडली पुण्याची मांडायची की तिथली?

क्षण सगळीकडे एकच असतो, लग्न ठिकाणानुसार बदलतं. नमुना कुंडलीचा तोच क्षण बेंगळुरूला धरला तर लग्न वृश्चिकच राहतं, फक्त काही अंश पुढे जातं. दुबईला धरला तर तूळ येतं. जुनी परंपरा जन्मस्थानाकडे झुकते. आधुनिक ज्योतिषी राहतं ठिकाण घेतात. मी राहतं ठिकाण घेतो, पण माणूस तिथे खरोखर राहत असेल तरच. वाढदिवसाला चार दिवस ट्रिपला गेला म्हणून तिथली कुंडली मी मांडत नाही. आणि ‘चांगलं लग्न यावं म्हणून वाढदिवसाला कुठे जाऊ?’ या प्रश्नाला माझं उत्तर आहे, जिथे सुट्टी मिळेल तिथे.

१२. माझ्या शनी रिटर्नच्या तारखा वाढदिवसाच्या दोन्ही बाजूंना आहेत. मग वर्ष कोणतं धरायचं?

डिसेंबर १९९६ च्या पहिल्या आठवड्यात जन्मलेल्यांना हे लागू होतं. त्यांचा शनी मीनेत पावणेसात अंशांच्या आसपास आहे. त्यावरून शनी जून २०२५ मध्ये गेला, ऑगस्टमध्ये वक्री होऊन परतला आणि तिसऱ्यांदा फेब्रुवारी २०२६ मध्ये गेला. मध्ये डिसेंबरचा वाढदिवस येतो. म्हणजे पहिल्या दोन भेटी एकोणतिसाव्या वर्षात, तिसरी तिसाव्यात.

अशा वेळी दोन्ही वर्षकुंडल्या मांडा, पण काम वाटून द्या. प्रश्न कसा उभा राहतो ते पहिल्या कुंडलीत बघा आणि कसा मिटतो ते दुसऱ्या कुंडलीत. दोन्हींत शनी एकाच जातीच्या घरात आला, म्हणजे दोन्हीकडे केंद्रात किंवा दोन्हीकडे त्रिकात, तर मी ठामपणे लिहितो. एकीकडे पंचमात आणि दुसरीकडे अष्टमात असेल तर लिहिताना हात आखडता घेतो. दोन्हींची सरासरी काढून गोड काहीतरी लिहिणं सोपं असतं, पण त्यातून विचारणाऱ्याला काही मिळत नाही.

१३. बाबांना ५८ पूर्ण झाली आणि ते निवृत्त झाले. हा दुसरा शनी रिटर्न का?

तारीख जुळते. पण राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात ते सेवानियमांमुळे, शनी जुळो वा न जुळो. पहिल्या रिटर्नचंही तेच. पुण्यात अठ्ठावीस ते तीस हे लग्नाचं, गृहकर्जाचं आणि नोकरी बदलण्याचं वय आहेच. त्या वयात ‘मोठा बदल होईल’ असं कुणीही सांगावं आणि ते खरं ठरावं. भाकीत म्हणायचं असेल तर कोणता बदल आणि कोणत्या महिन्यात, हे आधी लिहून ठेवलेलं हवं. दुसऱ्या रिटर्नला पद्धत तीच. फक्त मुंथा ५८ पूर्ण झाल्यावर जन्मलग्नापासून अकरावी असते आणि ५९ ला बारावी.

१४. याला पुरावा काय? माझा नवरा हसतो.

हसू द्या, त्यांच्या हातात मुद्दा आहे. पुण्यातच जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या मदतीने २००८ मध्ये एक चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांना देऊन कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. प्रत्येकाला ४० कुंडल्या दिल्या होत्या. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली आणि बरोबर उत्तरं सुमारे ४६ टक्के आली. नाणं उडवलं असतं तरी एवढी आली असती.

ती चाचणी जन्मकुंडलीची होती, वर्षकुंडलीची नव्हे. पण ही पळवाट मी वापरत नाही, कारण वर्षकुंडलीसाठी तशी चाचणी उत्तीर्ण झाल्याचं माझ्याकडे दाखवायला काही नाही. मी हे परंपरेचं वाचन म्हणून करतो आणि तसंच सांगतो. माझ्या वहीत दर वर्षकुंडलीपुढे तीन ओळी आधी लिहिलेल्या असतात: विषय, महिना, काय होणार नाही. वर्ष संपल्यावर बरोबर-चूक लाल पेनाने. लाल रंग कमी नाही. आजारपणाचं, ऑपरेशनच्या तारखेचं आणि कर्जाच्या रकमेचं मी या कुंडलीवरून सांगत नाही. ते प्रश्न डॉक्टरांकडे आणि बँकेत न्यावेत.

१५. माझा जन्म २९ फेब्रुवारीचा. मला वर्षप्रवेश चार वर्षांनी एकदाच का?

रवीला कॅलेंडर ठाऊक नाही, तुमचाही वर्षप्रवेश दर वर्षी होतो. २९ फेब्रुवारी १९९६ ला रात्री आठला जन्म असेल तर त्यात ३६५ दिवस, ६ तास, ९ मिनिटं मिळवा. १ मार्च १९९७, पहाटे दोन वाजून नऊ मिनिटं. जन्म सकाळी आठचा असेल तर २८ फेब्रुवारीला दुपारी सव्वादोनच्या सुमारास. सॉफ्टवेअरमध्ये फक्त ‘वाढदिवस’ टाकायचा रकाना असेल आणि २९ फेब्रुवारी नाही म्हणून ते अडलं, तर ते रवी शोधत नाही, तारीख शोधतं. ते वापरू नका.